लकवा: रात्रभर मेंदूत मरत काय होतं?

आजचा एपिसोड थोडा घरचा आहे. मी काही डॉक्टर नाही, बी.टेक. करून कोड लिहिणारा माणूस. पण दोन वर्षांपूर्वी आमच्या मोठ्या बाबांना लकवा झाला आणि तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नव्हता. आज तोच घेऊ.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यातलं. अकोला धरा का अमरावती, गाडीनं साधारण सव्वा तास. दिवाळीला मी घरी होतो. रात्री साडेनऊला जेवताना मोठ्या बाबांच्या हातातून भाकरीचा तुकडा पडला. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, बोलणं जड झालं. शेजारचे म्हणाले, "काही नाही जी, वारं गेलं अंगावरून. तेल लावा, सकाळी पाहू." मीही मान डोलावली. मोठी आई रात्रभर त्यांचा हात चोळत बसली. सकाळी सातला आम्ही अकोल्यात पोचलो. सीटी स्कॅन पाहून डॉक्टर म्हणाले, "रात्रीच आणलं असतं तर बराच भाग वाचवता आला असता."

मी चक्रावलो. गुठळी तर रात्रीच अडकली होती ना? मग जे मरायचं ते तेव्हाच मेलं असेल. सकाळपर्यंत आणखी काय मरत होतं?

मधला भाग आणि कडेचा पट्टा

मेंदूच्या १०० ग्रॅम भागाला मिनिटाला साधारण ५० मिलिलिटर रक्त लागतं. हा आकडा २० च्या खाली गेला की पेशी गप्प होतात. काम बंद, पण जीव शाबूत. १० च्या आसपास आला की त्या मरायला लागतात.

गुठळी अडकली की मधल्या भागात रक्त जवळजवळ पोचतच नाही. तो भाग काही मिनिटांत हातचा जातो. पण त्याच्याभोवती एक पट्टा असतो, त्याला शेजारच्या रक्तवाहिन्यांमधून थोडंफार रक्त मिळत राहतं. हात हलत नाही, बोलता येत नाही, कारण या पेशी गप्प आहेत. पण त्या मेलेल्या नाहीत. मोठ्या बाबांचा हा पट्टा रात्री साडेनऊला जिवंत होता. तो नंतर मेला आणि त्याला मारण्यात मेंदूच्याच एका रेणूचा मोठा हात होता. त्या रेणूचं नाव ग्लुटामेट.

लोडशेडिंग आणि विहीर

ग्लुटामेट हे विष नाही. एक पेशी दुसरीला "ऊठ, काम कर" असा निरोप देते, तो बहुतेक वेळा ग्लुटामेटनंच. निरोप दिला की काही मिलिसेकंदांत तो उचलूनही घेतला जातो. पेशीच्या आत ग्लुटामेटचा साठा बाहेरच्यापेक्षा हजारो पट जास्त असतो. बाहेर तो साचू न देणं, यावरच सगळा कारभार चालतो.

आता वावरातली विहीर खोल करायचं काम डोळ्यांसमोर आणा. तळाशी माणसं खोदताहेत, झऱ्यांचं पाणी सतत येतंय आणि मोटर ते सतत उपसतेय. लाइन गेली की मोटर बंद, पण झरे थोडेच थांबतात? मेंदूच्या पेशीचंही तसंच. सोडियम बाहेर फेकणारा तिचा पंप ऊर्जेवर चालतो. रक्त थांबलं की ऊर्जा संपते, पंप बंद पडतो, सोडियम आत भरतं, पाठोपाठ पाणी येतं आणि पेशी फुगते. पेशीचा विजेचा तोल ढासळतो आणि तिच्याजवळचं ग्लुटामेट बाहेर सांडतं. ते उचलणाऱ्या शेजारच्या आधार-पेशींची यंत्रणाही याच सोडियमच्या फरकावर चालते. तो फरक गेला की ती उलटी फिरते, म्हणजे ग्लुटामेट आत घ्यायचं सोडून बाहेर टाकायला लागते.

दार उघडंच राहतं

हे सांडलेलं ग्लुटामेट कडेच्या पट्ट्यात पोचतं. तिथल्या पेशींवर एनएमडीए नावाचं एक दार असतं आणि त्यात मॅग्नेशियमचं बूच बसवलेलं असतं. ग्लुटामेट आलं आणि त्याच वेळी पेशी उत्तेजित असली, तरच बूच निघतं आणि कॅल्शियम आत जातं. आपण काही शिकतो, लक्षात ठेवतो, तेव्हा हेच दार क्षणभर उघडतं. आता मात्र ते उघडतं आणि उघडंच राहतं.

कॅल्शियम पेशीबाहेर आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट जास्त असतं. ते धो-धो आत शिरलं की पेशीतली प्रथिनं कापणारी, पापुद्रा कुरतडणारी रसायनं जागी होतात. ऊर्जा बनवणारे मायटोकॉन्ड्रिया कॅल्शियम गिळून गिळून बंद पडतात. पेशी मरते, तिचं ग्लुटामेट सांडतं आणि पुढच्या पेशीचा नंबर लागतो. एक सर्व्हर पडला की त्याचा लोड शेजारच्यांवर जाऊन तेही पडतात, अगदी तसं.

अति उत्तेजनानं पेशी मरते, म्हणून जॉन ओल्नी या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९६९ च्या सुमारास याला एक्सायटोटॉक्सिसिटी म्हटलं. विदर्भात याचं एक चुलत उदाहरण आहे, लाखोळी डाळ. तिच्यात ग्लुटामेटसारखाच एक रेणू असतो. दुष्काळात महिनोन्महिने मुख्यतः तीच डाळ खाल्लेल्या काही लोकांचे पाय कायमचे ताठरले.

बाइकवरून पडून डोक्याला मार लागतो तेव्हा सुरुवात वेगळी असते. पेशींचे धागे ताणतात, पापुद्रे फाटतात आणि ग्लुटामेट थेट सांडतं. पुढची साखळी मात्र बरीचशी हीच. म्हणून पहिला मार संपल्यावरही काही तास, कधी काही दिवस, नुकसान वाढत राहू शकतं.

मग दारच बंद करा ना!

इंजिनिअरच्या डोक्यात हेच येतं. शास्त्रज्ञांच्याही आलं. १९९० च्या दशकात एनएमडीएचं दार अडवणारी औषधं आली. उंदरांमध्ये मस्त चालली, माणसांमध्ये फसली. मग वाटलं, औषध उशिरा पोचतंय. म्हणून कॅलिफोर्नियात १७०० रुग्णांवर चाचणी केली. लक्षणं सुरू झाल्यापासून दोन तासांच्या आत, अॅम्ब्युलन्समध्येच शिरेतून मॅग्नेशियम किंवा नुसतं सलाइन सुरू केलं. २०१५ साली निकाल आला: फरक शून्य.

का? एक तर ग्लुटामेटचा लोंढा पहिल्या काही मिनिटांतच येतो. दुसरं, जिथं रक्तच पोचत नाही तिथं औषध तरी कसं पोचणार? तिसरं, ते दार सगळ्या मेंदूत लागतं. जोरात बंद केलं तर भास होतात, आणि वाचलेल्या पेशींना सावरायलाही तेच दार लागतं.

म्हणून आजही खरा इलाज म्हणजे लाइन परत आणणं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही हे पाहून. मोठी गुठळी तारेनं ओढून काढता येते. निवडक रुग्णांमध्ये २४ तासांपर्यंतही, पण ती सोय सगळीकडे नाही. मोठी रक्तवाहिनी बंद असताना मिनिटाला सरासरी १९ लाख मेंदूपेशी मरतात, असा २००६ सालचा अंदाज आहे. सगळ्यांचा वेग सारखा नसतो. कोणाचा पट्टा तासात जातो, कोणाचा दिवसभर तग धरतो. घरी बसून ते कळायचा काही मार्ग नाही.

म्हणून तोंड वाकडं, एक हात खाली पडतोय, जीभ जड, यातलं एक जरी अचानक झालं तर आधी घड्याळ पाहा. धडधाकट शेवटचं कधी पाहिलं, ती वेळ लिहून ठेवा, डॉक्टर तीच पहिली विचारतात. १०८ लावा आणि सीटी स्कॅन आहे का, हे फोनवर विचारूनच दवाखाना गाठा. मनानं अॅस्पिरिन देऊ नका, आत रक्तस्राव असेल तर उलटं होईल. पाणीही पाजू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

साडेनऊला निघालो असतो तर पावणेअकराला पोचलो असतो. साडेचार तासांतले सव्वातीन हातात असते. मोठे बाबा आज काठी घेऊन वावरापर्यंत जातात, पण विळा डाव्या हातात धरतात. उजवा हात त्या रात्री साडेनऊला फक्त गप्प झाला होता. आम्ही तेल चोळत होतो तेव्हा आतली माणसं मोटर चालू व्हायची वाट पाहत होती.

भेटू पुढच्या भागात.