भाताच्या संकरातील वांझपणा : दोन निरोगी वाणांची संतती पोचट का राहते?

विसाव्या शतकाच्या मध्यात कटक येथील केंद्रीय भात संशोधन संस्थेत इंडिका व जॅपोनिका या भाताच्या दोन उपप्रकारांच्या संकराचा मोठा कार्यक्रम हाती घेण्यात आला. जॅपोनिका वाण खताला चांगला प्रतिसाद देत व लोळत नसत. इंडिका वाणांना येथील हवामान मानवत असे. दोहोंचे गुण एकत्र आणावेत, हा हेतू होता. पहिल्या पिढीची रोपे जोमदार आली, पण अनेक संकरांच्या लोंब्यांत पोचट दाण्यांचे प्रमाण मोठे राहिले. या प्रयत्नांतून एडीटी-२७ सारखे मोजकेच वाण शेतापर्यंत पोहोचले. दोन्ही पालक पूर्ण सुपीक असताना संतती वांझ का व्हावी, याचे एक उत्तर ६ व्या गुणसूत्रावरील ‘एस-५’ या जागेत सापडले.

या जागेत तीन जनुके शेजारी शेजारी आहेत. कार्यानुसार त्यांना मारक, साथी व रक्षक म्हणता येईल. मारक एकटा निरुपद्रवी असतो. त्याला साथी मिळाला, की भ्रूणकोश मरतो. मात्र त्या भ्रूणकोशात कार्यक्षम रक्षक असेल, तर तो वाचतो.

ठरावीक इंडिका वाणात मारक व रक्षक कार्यक्षम असतात, पण साथी निकामी असतो. ठरावीक जॅपोनिका वाणात साथी कार्यक्षम असतो. मारक व रक्षक दोन्ही निकामी असतात. आपापल्या घरी दोघेही सुरक्षित आहेत, कारण मारक व साथी एकत्र येतच नाहीत. फरक मात्र अगदी लहान आहेत. इंडिका व जॅपोनिकातील मारक जनुकाची भिन्नता केवळ दोन बेसांची आहे. साथी ११ बेस गळल्यामुळे व रक्षक १३ बेस गळल्यामुळे निकामी झाला आहे.

संकरात काय घडते ते पाहू. मातृरोपाच्या पेशींत इंडिकाचा मारक व जॅपोनिकाचा साथी एकत्र येतात आणि त्यांची क्रिया सर्वच भ्रूणकोशांवर होते. रक्षक मात्र प्रत्येक भ्रूणकोशाने स्वतः वारसाने मिळवावा लागतो. १०० फुलोरक मोजल्यास सुमारे ५० भ्रूणकोशांना इंडिकाचा भाग, म्हणजेच रक्षक मिळतो व ते जगतात. उरलेल्या सुमारे ५० जॅपोनिका-प्रकारच्या भ्रूणकोशांपैकी बहुतेक मरतात. त्यामुळे परागकण उत्तम असले, तरी सुमारे निम्मे दाणे भरत नाहीत. दुसऱ्या पिढीतही परिणाम दिसतो. या जागी शुद्ध जॅपोनिका रोपे जवळजवळ मिळत नाहीत आणि या जागेलगतचे जॅपोनिका गुणही त्यांच्याबरोबर विरळ होतात.

पोचट दाणे दिसले, की कारण हेच असे गृहीत धरू नये. फुलोऱ्याच्या वेळी थंडी, उष्णता किंवा पाण्याचा ताण असल्यासही दाणे भरत नाहीत. म्हणून संकर व दोन्ही पालक एकाच वेळी फुलतील अशा बेताने शेजारी शेजारी लावावेत. ताण हवामानाचा असेल, तर पालकांवरही परिणाम दिसेल. त्यानंतर परागकण आयोडीन-पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणात तपासावेत. भरलेले परागकण गडद रंग घेतात, वांझ परागकण फिके राहतात. शेवटी संकराच्या फुलांतील परागकोश काढून त्यांवर पालकाचे निरोगी परागकण टाकावेत. तरीही निम्मेच दाणे भरले, तर दोष स्त्रीबाजूचा, म्हणजे भ्रूणकोशाचा समजावा.

यावर उपायही निसर्गातच मिळाला. जपानी शास्त्रज्ञ इकेहाशी यांना इंडोनेशियातील केतन नांगका या वाणाचा इंडिका व जॅपोनिका दोहोंशी होणारा संकर सुपीक आढळला. आपल्या देशातील दुलर वाणातही असा गुण आहे. अशा वाणांच्या मारक जनुकात १३६ बेसांचा तुकडा गळालेला असतो, त्यामुळे मारक काम करीत नाही. जनुकीय चिन्हकाने ही गळती रोपावस्थेतच ओळखता येते आणि पैदासकार अशी जागा हव्या त्या पालकात आणू शकतो.

मात्र हा उपाय ‘एस-५’पुरताच आहे. परागकणांचा वांझपणा इतर जागांवरील जनुकांमुळे होतो. एका वाणाने एका जोडीतील अडचण दूर केली, म्हणून ती प्रत्येक जोडीत दूर होईलच असे नाही. गव्हात तर दोन निरोगी वाणांची एकेक पूरक जनुके एकत्र आल्यास संकराची पानेच हळूहळू करपून रोप मरू शकते. म्हणून नव्या जोडीचा संकर मोठ्या प्रमाणावर करण्यापूर्वी थोडी रोपे वाढवून त्यांचा जोम व भरलेल्या दाण्यांचे प्रमाण पाहणे आवश्यक ठरते.