उकळीच्या अलीकडे आणि पलीकडे: गर्भवतीसाठी दूधदुभत्याची खरेदी, गैरसमज आणि वस्तुस्थिती

गर्भवतीच्या खरेदीतून वगळायच्या पदार्थांत पहिले नाव न तापवलेल्या दुधाचे आणि त्यापासून बनलेल्या पदार्थांचे येते. त्याचे मुख्य कारण म्हणजे लिस्टेरिया हा जिवाणू. धडधाकट माणसाला तो सहसा जाणवतही नाही. गरोदरपणात मात्र त्याची बाधा होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे १० पट असते आणि वारेतून तो गर्भापर्यंत पोहोचू शकतो. आईला बहुतेक वेळा थोडा ताप आणि अंगदुखी एवढेच होते, पण त्यातून गर्भपात, मृतजन्म किंवा नवजात बाळाला गंभीर संसर्ग होऊ शकतो.

ग्वाल्हेरमध्ये दूधदुभत्याला तोटा नाही. भिंड-मुरैनाकडचा मावा मोर बाजारात उतरतो, सांची डेअरीच्या पिशव्या गल्लोगल्ली मिळतात आणि लष्कर भागातल्या मराठी घरांत श्रीखंड, खरवस अजून होतो. या मुबलकतेमुळेच काही समजुती घट्ट रुजल्या आहेत.

त्यातली सर्वांत जुनी समजूत अशी की डोळ्यांदेखत काढलेले धारोष्ण दूध सगळ्यांत शुद्ध. म्हशीची किंवा गाईची प्रकृती उत्तम दिसत असली, तरी तिच्या दुधात लिस्टेरिया किंवा ब्रुसेला असू शकतो, आणि कासेला वा भांड्याला लागलेल्या शेणामातीतूनही जिवाणू दुधात उतरतात. ब्रुसेलाने आठवडेच्या आठवडे येणारा-जाणारा ताप होतो. शेळ्यांमधला त्याचा प्रकार माणसाला विशेष त्रासदायक असतो. डेंग्यूच्या दिवसांत प्लेटलेट वाढाव्यात म्हणून शेळीचे कच्चे दूध शोधत फिरणारे नातेवाईक हमखास दिसतात. त्या दुधाने प्लेटलेट वाढतात असा भरवशाचा पुरावा नाही, ब्रुसेलाची जोखीम मात्र खरी आहे.

यावरून गवळ्याचे दूध बंद करून फक्त पिशवीचेच घ्यावे, असा उलट निष्कर्ष काढला जातो. तोही बरोबर नाही. पाश्चरीकरणात दूध ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद किंवा ६३ अंशांना अर्धा तास तापवतात. घरी दूध पूर्ण उतू येईपर्यंत तापवले की ते यापेक्षा बरेच जास्त तापते. त्यामुळे गवळ्याचे दूध आणल्याबरोबर, ढवळत, चांगली उकळी येईपर्यंत तापवले तर ते पिशवीच्या दुधाइतकेच निर्धोक होते. उकळल्याने दुधातला कस जातो हे म्हणणेही फारसे खरे नाही. काही ब जीवनसत्त्वे थोडी घटतात, पण कॅल्शियम आणि प्रथिने ज्यासाठी दूध प्यायचे, ती राहतातच. पिशवीचे दूध न उकळता चालते हे कागदोपत्री खरे, पण ते सलग थंड राहिले असेल तरच. मे महिन्यात ग्वाल्हेरचा पारा ४५ अंशांच्या आसपास असताना दुकानाबाहेर क्रेटमध्ये पडलेल्या पिशव्यांना ती अट लागू होत नाही. अशी पिशवी घेऊच नये.

चिकाचे दूध घेताना पुष्कळदा नको तितकी भीती वाटते. चीक कच्चा असतो हे खरे, पण खरवस वाफेवर शिजतो. मधोमध सुरी घातल्यावर ती कोरडी निघेपर्यंत उकडलेला घरचा खरवस गर्भवतीला चालतो. मध्यभागी पातळ राहिलेला किंवा दुकानात उघड्यावर ठेवलेला विकतचा खरवस मात्र टाळावा.

खरी गफलत उकळीनंतरच्या पदार्थांत होते. पनीर काय, मावा काय, दोन्हीसाठी दूध कडक तापतेच, म्हणून ते सुरक्षित असे गृहीत धरले जाते. पण दूध नासवल्यावर पनीर कापडात बांधले जाते, दाबले जाते, पाण्यात बुडवून ठेवले जाते आणि हातांनी कापले जाते. यातला एकही टप्पा अस्वच्छ असेल, तर मेलेल्या जिवाणूंच्या जागी नवे येतात. मावाही कढईतून उतरल्यावर टोपलीत भरून मैलोन्‌मैल प्रवास करतो.

असे घडते तेव्हा काय होते, याचे उदाहरण १९८५ साली अमेरिकेत लॉस एंजेलिसमध्ये दिसले. तिथे मेक्सिकन पद्धतीच्या ताज्या, पांढऱ्या, मऊ चीजमधून लिस्टेरियाची साथ पसरली. हे चीज दिसायला आपल्या पनीरसारखेच. नोंदलेल्या १४२ रुग्णांपैकी ९३ जण गर्भवती स्त्रिया किंवा त्यांची बाळे होती. एकूण ४८ मृत्यू झाले आणि त्यांत गर्भ आणि नवजात बाळे मिळून ३० होती. कारखान्यात पाश्चरीकरणाचे यंत्र होते, तरीही चीजमध्ये एक एन्झाइम शिल्लक आढळले. दूध नीट तापले असते तर ते नष्ट झाले असते. म्हणजे कुठेतरी कच्चे दूध मिसळले गेले असावे.

म्हणून पनीर घेताना सीलबंद, तारीख छापलेले आणि दुकानाच्या फ्रिजमधले घ्यावे. सुट्टे घेतलेच, तर ते भाजीत वाफ येईपर्यंत शिजवूनच खावे. कोशिंबिरीत किंवा मीठमिरी लावून कच्चे खायला सुट्टे पनीर योग्य नाही. मावा घरी पुन्हा भाजून वापरता येतो. दुकानातली बर्फी, कलाकंद मात्र पुन्हा तापवून खात नाहीत, म्हणून तिथे ताजेपणा आणि दुकानाची स्वच्छता हाच आधार उरतो.

यावर हमखास दिले जाणारे उत्तर म्हणजे आयोडीनची चाचणी. मावा किंवा पनीर थोड्या पाण्यात उकळून, थंड करून, त्यावर टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाकले आणि निळा रंग आला, तर त्यात पिठूळ भेसळ आहे. चाचणी चांगली आहे, पण ती जिवाणूंबद्दल काहीच सांगत नाही. भेसळ नसलेला मावाही दूषित असू शकतो. वास आणि चवीवरूनही कळत नाही, कारण लिस्टेरियामुळे पदार्थ नासल्यासारखा लागत नाही.

फ्रिजचाही भरवसा इथे अपुरा पडतो. बहुतेक जिवाणू थंडीत मंदावतात, लिस्टेरिया मात्र फ्रिजमध्येही सावकाश वाढत राहतो. त्यामुळे सीलबंद पनीरसुद्धा उघडल्यावर आठवडाभर ठेवू नये.

दही आणि श्रीखंडाबद्दलचा गैरसमज असा की आंबटपणा सगळे जिवाणू मारतो. तो त्यांची वाढ रोखतो, पण खात्रीने मारत नाही. उकळलेल्या दुधाचे घरचे दही आणि स्वच्छ फडक्यात बांधून फ्रिजमध्ये टांगलेला चक्का चालतो. रात्रभर ओट्यावर टांगलेल्या चक्क्याबाबत तसे म्हणता येत नाही. परदेशी प्रकारचे, बुरशीवर मुरवलेले मऊ चीज पाश्चरीकृत दुधाचे असले तरी न शिजवता खाऊ नये. डब्यातले प्रक्रिया केलेले चीज चालते.

दुधाबाहेरच्या वस्तूंत रस्त्यावरचा उसाचा रस आणि त्यातला बर्फ टाळावा. कच्च्या अंड्याचे मेयोनीजही नको. होळीच्या ठंडाईत दूध उकळलेले आहे का आणि भांग आहे का, दोन्ही विचारावे. कॅफीनयुक्त एनर्जी ड्रिंकच्या डब्यावरच गर्भवतींसाठी योग्य नसल्याची सूचना असते. पिकलेल्या पपईने गर्भपात होतो ही समजूत मात्र निराधार आहे. शंका आहे ती कच्च्या पपईच्या चिकाबद्दल.

चुकून काही खाल्ले गेले आणि त्रास नाही, तर उपचार लागत नाहीत. पण संसर्ग दिसायला क्वचित दोन महिन्यांहून अधिक काळ लागतो. तेव्हा गरोदरपणात ताप आला, तर मधल्या आठवड्यांत खाल्लेल्या अशा पदार्थांची माहिती डॉक्टरांना द्यावी. लिस्टेरियाचे निदान रक्ताच्या कल्चरने होते आणि वेळेवर दिलेल्या अँटिबायोटिकने बाळाचाही बचाव होऊ शकतो.