पाईप अरुंद झाला की पाण्याचा दाब वाढतो की कमी होतो? इंजिनिअरिंगच्या परीक्षेत हमखास चुकणारा प्रश्न!

अंगणात झाडांना पाणी घालताना नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की काय होतं? पाण्याची धार लांब उडते. मग आपण सहज म्हणतो, "बघ, जागा कमी केली की प्रेशर वाढलं!"

नेमकं हेच वाक्य डोक्यात ठेवून कितीतरी विद्यार्थी फ्लुइड मेकॅनिक्सचा पेपर लिहायला बसतात. प्रश्न साधाच असतो. एक आडवा पाईप आहे, तो पुढे जाऊन अरुंद होतो, तर अरुंद भागात दाब किती? विद्यार्थी मनात धरतो की दाब वाढणार. गणितातून उत्तर मात्र कमी दाबाचं येतं. मग तो स्वतःच्याच गणितावर शंका घेतो, चिन्ह बदलतो आणि हातात आलेले मार्क घालवतो.

मग खरं काय? चला, एकच पाईप घेऊया आणि त्याच्यावरच परीक्षेत विचारले जाणारे वेगवेगळे प्रश्न सोडवून पाहूया.

आपला पाईप असा आहे

एक आडवा पाईप. सुरुवातीला त्याचा व्यास २० सेंटीमीटर आहे, या जागेला 'अ' म्हणू. पुढे तो हळूहळू निमुळता होत १० सेंटीमीटरचा होतो, ती जागा 'ब'. पाईप पूर्ण भरून पाणी वाहतंय. 'अ'पाशी पाण्याचा वेग सेकंदाला १ मीटर आहे आणि तिथला गेज ५० किलोपास्कल दाखवतोय.

'ब'पाशी वेग किती आणि दाब किती?

आधी वेग काढायचा, कारण दाबाचं गणित वेगाशिवाय पुढे सरकत नाही.

पाणी घाई का करतं?

चार पदरी रस्ता टोलनाक्याजवळ दोन पदरी झाला तर गाड्या हळू होतात. मग पाणी अरुंद जागेत वेगात का जातं?

कारण गाड्या एकमेकींना खेटून उभ्या राहू शकतात, मागे रांग लागू शकते. पाणी तसं दाबून बसत नाही. भरलेल्या पाईपमध्ये एका सेकंदात जेवढे लिटर पाणी 'अ'मधून आत आलं, तेवढंच त्याच सेकंदात 'ब'मधून पुढे गेलं पाहिजे. जागा कमी असेल तर एकच मार्ग उरतो, तो म्हणजे वेग वाढवणं. यालाच सातत्य समीकरण म्हणतात:

A₁v₁ = A₂v₂

यात A म्हणजे पाईपच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ आणि v म्हणजे वेग.

पहिली चूक इथेच होते. व्यास निम्मा झाला म्हणून वेग दुप्पट, असं लिहून विद्यार्थी मोकळे होतात. पण समीकरणात व्यास नाही, क्षेत्रफळ आहे आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर ठरतं. व्यास निम्मा झाला की क्षेत्रफळ एक चतुर्थांश होतं आणि वेग चौपट. म्हणजे 'ब'पाशी वेग सेकंदाला ४ मीटर.

π, त्रिज्या, मीटर-सेंटीमीटर यांच्या भानगडीत पडायचीही गरज नाही. २० भागिले १० म्हणजे २, त्याचा वर्ग ४, संपलं. परीक्षेत हा वेळ वाचतो आणि एककांची गडबडही होत नाही.

मग दाब कमी का होतो?

आता खरा मुद्दा. 'अ'पाशी पाणी सेकंदाला १ मीटरने चाललं होतं, 'ब'पाशी ते ४ मीटरने चाललंय. त्याचा वेग कुणीतरी वाढवला असणार. कुणी? आडव्या पाईपमध्ये गुरुत्वाकर्षण पाण्याला पुढे ढकलत नाही. पाण्याच्या एखाद्या छोट्या भागाला पुढे रेटणारी गोष्ट एकच, मागच्या पाण्याचा दाब. आणि त्याला अडवणारी गोष्ट म्हणजे पुढच्या पाण्याचा दाब. वेग वाढायचा असेल तर मागचा दाब पुढच्यापेक्षा जास्तच हवा.

म्हणजे अरुंद भागात दाब कमी असतो म्हणूनच पाणी तिथे वेगाने शिरतं. हे एकदा पटलं की चिन्हाचा गोंधळ होत नाही.

डॅनियल बर्नुली या स्विस शास्त्रज्ञाने १७३८ मध्ये 'हायड्रोडायनामिका' या ग्रंथात वेग आणि दाबाचं हे नातं मांडलं. आज आपण ते असं लिहितो:

P₁ + ½ρv₁² + ρgh₁ = P₂ + ½ρv₂² + ρgh₂

आपला पाईप आडवा आहे, म्हणून उंचीची दोन्ही पदं सारखी, ती कटली. पाण्याची घनता दर घनमीटरला १००० किलो. दाबातला फरक:

½ × १००० × (४² − १²) = ५०० × १५ = ७५०० पास्कल

म्हणजे ७.५ किलोपास्कल. 'ब'पाशी दाब ५० − ७.५ = ४२.५ किलोपास्कल.

इथे एक चूक फार होते. वेगांची वजाबाकी आधी करून मग वर्ग केला जातो. ४ − १ = ३, त्याचा वर्ग ९, उत्तर ४.५ किलोपास्कल. बहुपर्यायी प्रश्नात हे चुकीचं उत्तर पर्यायांमध्ये तुमची वाट बघत बसलेलं असू शकतं. आधी वर्ग, मग वजाबाकी. (हा ४.५ आकडा लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा भेटणार आहे.)

मग अंगठ्याचं काय?

नळीचं उदाहरण खोटं नाही, फक्त त्यातला प्रश्न वेगळा आहे. आपल्या पाईपमध्ये प्रवाह ठरलेला होता. अंगठा दाबल्यावर मात्र नळीतून मिनिटाला येणारं पाणीच कमी होतं. नळीतलं पाणी हळू झालं की लांब नळीत घर्षणाने वाया जाणारा दाबही कमी होतो. त्यामुळे अंगठ्याच्या मागे दाब खरोखर वाढतो. तो दाब फटीतून बाहेर पडताना वेगात बदलतो आणि बाहेर आलेल्या धारेचा दाब तर हवेइतकाच असतो. म्हणजे अंगठ्याच्या मागे जास्त दाब, पुढे कमी दाब. बर्नुली इथेही बरोबरच आहे.

पाईप तिरका असेल तर?

परीक्षक हुशार असतात. पुढच्या प्रश्नात तोच पाईप ते तिरका करतात. 'ब' ही जागा 'अ'पेक्षा २ मीटर खाली आहे, बाकी सगळं तेच. आता दाब किती?

वेग वाढल्यामुळे दाब ७.५ किलोपास्कलने कमी होणार. पण २ मीटर खाली उतरल्यामुळे १००० × ९.८१ × २, म्हणजे सुमारे १९.६ किलोपास्कलने वाढणार. एकूण ५० − ७.५ + १९.६ = ६२.१ किलोपास्कल.

अरुंद भागात दाब वाढला! म्हणून 'अरुंद म्हणजे कमी दाब' हे वाक्यही डोळे झाकून वापरता येत नाही. ते फक्त आडव्या पाईपसाठी खरं आहे. आपल्या पाईपमध्ये ७.५ किलोपास्कल म्हणजे साधारण ७६ सेंटीमीटर पाण्याची उंची. 'ब' त्यापेक्षा कमी खाली असेल तर दाब घटेल, त्यापेक्षा जास्त खाली असेल तर वाढेल.

उत्तर उणे आलं तर घाबरायचं का?

पाईप पुन्हा आडवा करू आणि प्रवाह तिप्पट करू. 'अ'चा दाब तोच, ५० किलोपास्कल. दोन्ही वेग तिप्पट झाले, म्हणून दाबातला फरक नऊपट, ६७.५ किलोपास्कल. 'ब'पाशी गेज दाब उणे १७.५.

हे उत्तर चूक नाही. गेज दाब हवेच्या दाबाच्या तुलनेत मोजतात. हवेचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल, म्हणजे 'ब'पाशी निरपेक्ष दाब अजून ८४ च्या आसपास आहे.

आता प्रवाह पाचपट करा. फरक पंचवीसपट, १८७.५ किलोपास्कल. गेज दाब उणे १३७.५ आणि निरपेक्ष दाब उणे ३६! हे मात्र वाहत्या पाण्यात शक्य नाही. निरपेक्ष दाब शून्यापर्यंत पोहोचायच्या आधीच, २५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात सुमारे ३.२ किलोपास्कलला, पाण्याची वाफ व्हायला लागते. अरुंद भागात वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि पुढे दाब वाढला की ते फुटतात. याला कॅव्हिटेशन म्हणतात. खडखडाट ऐकू येतो, धातूला खड्डे पडतात. कागदावर असं उत्तर आलं तर अर्थ एकच, 'अ'पाशी इतक्या दाबाला एवढा प्रवाह या पाईपमधून जाऊच शकत नाही.

पाईप पुन्हा रुंद झाला की दाब परत मिळतो?

समजा 'ब'नंतर पाईप पुन्हा २० सेंटीमीटरचा झाला, प्रवाह आधीचाच. बर्नुली म्हणतो ७.५ किलोपास्कल पूर्ण परत मिळेल, दाब पुन्हा ५०. पाईप अगदी हळूहळू रुंदावत गेला तर उत्तर याच्या जवळ जातं. प्रवाह मोजणाऱ्या व्हेंच्युरीमीटरचा मागचा भाग म्हणूनच लांब आणि कमी उताराचा असतो.

पण प्रश्नात 'अचानक रुंद होतो' असे शब्द असतील तर सावध व्हा. वेगाची धार मोठ्या पाईपमध्ये घुसते, बाजूला भोवरे तयार होतात आणि ऊर्जा वाया जाते. हा तोटा ½ρ(v₁ − v₂)² इतका असतो. इथे आधी वजाबाकी, मग वर्ग! ४ − १ = ३, वर्ग ९, म्हणजे ४.५ किलोपास्कल. मघाचं चुकीचं उत्तर इथे बरोबर आहे, पण तो दाबातला फरक नाही, तोटा आहे. परत मिळाले फक्त ७.५ − ४.५ = ३ किलोपास्कल. दाब ४५.५.

एक गोष्ट मात्र पाहिलीत का? इथे पाणी ४२.५ च्या दाबाकडून ४५.५ च्या दाबाकडे वाहिलं. म्हणजे 'पाणी नेहमी जास्त दाबाकडून कमी दाबाकडे वाहतं' हे विधान चूक-बरोबरच्या प्रश्नात आलं, तर बिनधास्त 'चूक' लिहा. पाणी वाहतं ते जास्त एकूण ऊर्जेकडून कमी एकूण ऊर्जेकडे. दाब हा त्या ऊर्जेचा फक्त एक भाग आहे. वेग आणि उंची हे उरलेले दोन.