शून्य टक्के व्याज, तरीही 105 कोटी डॉलर्स! कन्व्हर्टिबल बॉन्डचं गणित नेमकं काय असतं?

फेब्रुवारी 2021. मायक्रोस्ट्रॅटेजी नावाच्या अमेरिकन कंपनीने बाजारातून 105 कोटी डॉलर्स उचलले. मुदत सहा वर्षं, म्हणजे 2027 पर्यंत. व्याज किती? शून्य टक्के. आणि या पैशातून कंपनी करणार काय होती? बिटकॉइनची खरेदी.

आता कुणी म्हणेल, फुकट पैसे देणारे हे लोक कोण? तर ते भोळे अजिबात नव्हते. त्यांनी घेतलेले रोखे कन्व्हर्टिबल होते, म्हणजे हवं तेव्हा नाही, पण ठरलेल्या अटींनुसार शेअर्समध्ये बदलून घेता येणारे. प्रत्येक 1,000 डॉलर्सच्या रोख्यामागे 0.6981 शेअर मिळणार, हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं.

त्या वेळी शेअरचा भाव होता 955 डॉलर्स. म्हणजे रोखा त्याच दिवशी बदलला असता तर हातात पडले असते 0.6981 गुणिले 955, साधारण 667 डॉलर्सचे शेअर्स. याला म्हणतात कन्व्हर्जन व्हॅल्यू. पण गुंतवणूकदाराने मोजले होते 1,000. वरचे 333 डॉलर्स म्हणजे 667 च्या बरोबर निम्मे, 50 टक्के. हा झाला कन्व्हर्जन प्रीमियम. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर शेअर 955 वरून 1,432 वर गेला, तरच बदलून घेण्यात मुद्दल सुटणार होतं.

मग शेअर वर गेलाच नाही तर? इथे बॉन्ड फ्लोअर येतो. शेअरचा भाग विसरून जा आणि हा साधा रोखा आहे असं समजा: सहा वर्षांनी 1,000 डॉलर्स परत, मध्ये काही नाही. अशा कंपनीच्या साध्या कर्जावर बाजार 6 टक्के परतावा मागतो असं धरलं (हा आकडा आपण हिशेबासाठी धरलाय), तर त्या 1,000 ची आजची किंमत होते साधारण 705. म्हणजे गुंतवणूकदाराने 705 रोख्याचे दिले आणि उरलेले 295 शेअर वर जाण्याच्या आशेचे. सोडून दिलेलं व्याज ते हेच.

'फ्लोअर' म्हटलं की वाटतं, खाली पक्की फरशी आहे, यापेक्षा खाली पडणार नाही. गडबड होते ती इथेच.

बिटकॉइन कोसळला आणि 2022 च्या अखेरीस शेअर 142 डॉलर्सच्या आसपास आला. कन्व्हर्जन व्हॅल्यू उरली जेमतेम 99 डॉलर्स. आता मुदत होती साधारण चार वर्षांची. जुनाच 6 टक्क्यांचा दर लावला तर फ्लोअर 792 येतो, उलट वाढलेला दिसतो. पण ज्या कंपनीची मालमत्ताच बिटकॉइन, तिला बाजार जुन्या दराने कर्ज कशाला देईल? दर 15 टक्के धरा, फ्लोअर 572. 25 टक्के धरा, 410. शेअर पाडणारं कारण आणि फरशी खचवणारं कारण एकच होतं.

अशा वेळी कन्व्हर्जन प्रीमियमकडे पाहून फारसं काही कळत नाही. रोखा 410 ला मिळत असेल तर प्रीमियम 300 टक्क्यांच्या वर दिसतो, पण तो महाग आहे असा त्याचा अर्थ नाही. तेव्हा विचारायचा प्रश्न एकच: कंपनी मुद्दल परत करेल का? पुण्याच्या सुझलॉनचं उदाहरण आपल्याकडे आहेच. ऑक्टोबर 2012 मध्ये कंपनीला सुमारे 20.9 कोटी डॉलर्सचे परकीय चलनातले परिवर्तनीय रोखे मुदतीत फेडता आले नव्हते.

मायक्रोस्ट्रॅटेजीचं मात्र उलट झालं. बिटकॉइन पुन्हा उसळला. ऑगस्ट 2024 मध्ये एका शेअरचे दहा झाले, त्यामुळे एका रोख्यामागे 6.981 शेअर्स मिळू लागले. जानेवारी 2025 मध्ये शेअर 350 डॉलर्सच्या आसपास होता, म्हणजे कन्व्हर्जन व्हॅल्यू 2,440 च्या घरात. इतकं वर गेल्यावर रोखा जवळपास शेअरसारखाच वागतो आणि प्रीमियम विरघळून जातो.

त्याच महिन्यात कंपनीने हे रोखे मुदतीआधी परत घेत असल्याचं जाहीर केलं. रोखेधारकांपुढे दोन पर्याय होते: 1,000 डॉलर्स रोख घ्या, नाहीतर ठरलेल्या तारखेआधी रोखे बदलून घ्या. 2,440 समोर असताना 1,000 कोण घेणार?