व्याजदर पाव टक्का हलतो, तेव्हा रोख्याचं काय होतं?

४ मे २०२२ रोजी दुपारी दोन वाजता रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी वेळापत्रकात नसलेलं निवेदन केलं. रेपो दर ४ टक्क्यांवरून ४.४० टक्के करत असल्याचं त्यांनी जाहीर केलं आणि रोखे बाजारात लगेच विक्री सुरू झाली. ६.५४ टक्के व्याजाचा, २०३२ साली मुदत संपणारा सरकारी रोखा त्या वेळी दहा वर्षांच्या मुदतीचा मुख्य रोखा होता. त्यावरचा परतावा, म्हणजे बाजारभावाने घेणाऱ्याला पडणारा व्याजदर, ७.१२ टक्क्यांच्या आसपास होता. दिवसअखेर तो ७.३८ च्या आसपास पोचला.

वाढ पाव टक्क्याहून किंचित जास्त. पण शंभर रुपये दर्शनी मूल्याच्या त्या रोख्याचा भाव सुमारे ९६ रुपयांवरून सव्वाचौऱ्याण्णवपर्यंत उतरला. म्हणजे जवळजवळ १.८ टक्के घट. सरकारी रोखा म्हणजे बुडण्याची भीती नाही, हे खरंच. पण बुडणं वेगळं आणि भाव उतरणं वेगळं. निवृत्तीचे पैसे गिल्ट फंडात ठेवणाऱ्या अनेकांना हा फरक कुणी नीट सांगितलेला नसतो. म्हणून पाव टक्क्याचे पावणेदोन टक्के कसे झाले, मधला हा सातपटीचा आकडा आला कुठून, हे मुळापासून पाहायला हवं.

हिशेब सोपा राहावा म्हणून एक गोल आकड्यांचा रोखा घेऊ. दर्शनी मूल्य शंभर रुपये, मुदत दहा वर्षं, दरवर्षी सात रुपये व्याज, शेवटी मुद्दल परत. (आपले सरकारी रोखे सहा महिन्यांनी व्याज देतात, पण त्याने मुद्दा बदलत नाही.) बाजारातला दरही ७ टक्के असेल तर या रोख्याचा भाव बरोबर शंभर रुपये. आता समजा, दर ८ टक्के झाला. नवा रोखा घेणाऱ्याला वर्षाला आठ रुपये मिळणार, आपल्याला सात. म्हणजे दहा वर्षं, दरवर्षी एक रुपया कमी. आपला रोखा कुणी विकत घ्यायचा असेल, तर त्याला ही तूट आज भरून द्यावी लागेल.

तूट दहा रुपयांची वाटते, पण उद्याच्या रुपयाची किंमत आज रुपयाएवढी नसते. ८ टक्के दराने पुढच्या वर्षीचा रुपया आज ९३ पैशांचा, दहाव्या वर्षीचा फक्त ४६ पैशांचा. दहाही वर्षांची बेरीज होते ६ रुपये ७१ पैसे. भाव उतरतो ९३.२९ वर. उलट दर ६ टक्के झाला, तर दरवर्षी एक रुपया जास्त मिळणार, आणि त्या दहा रुपयांचं आजचं मोल होतं ७ रुपये ३६ पैसे. भाव चढतो १०७.३६ वर.

एक टक्का वर गेला तर ६.७१ चा फटका, एक टक्का खाली आला तर ७.३६ चा फायदा. मग या रोख्याची दराबाबतची संवेदनशीलता नेमकी किती म्हणायची? यासाठी पाऊल लहान करत जायचं. अर्ध्या टक्क्याच्या बदलावर हिशेब केला, तर टक्क्यामागे घट ६.८६ रुपये आणि वाढ ७.१९ रुपये येते. दोन्ही आकडे एकमेकांच्या जवळ सरकले. टक्क्याच्या शंभराव्या भागावर, ज्याला बाजारात बेसिस पॉइंट म्हणतात, दोन्ही आकडे ७.०२ रुपयांशी येऊन भिडतात. म्हणजे दर एक बेसिस पॉइंट हलला की भाव सात पैसे हलतो. पाऊल शून्याकडे नेताना जो आकडा स्थिरावतो, तोच गणितातला डेरिव्हेटिव्ह. आडव्या अक्षावर दर आणि उभ्या अक्षावर भाव मांडून आलेख काढला, तर त्या बिंदूपाशी वक्ररेषेचा जो उतार असेल तो हाच. दर चढला की भाव उतरतो, म्हणून उतार उणे.

इथवर पुरेसं वाटतं, पण दोन रोख्यांची तुलना करायला गेलं की हा उतार फसवतो. आपल्या रोख्याशेजारी दुसरा एक ठेवू: मुदत तीच दहा वर्षांची, पण मधे एक पैसाही व्याज नाही, शेवटी एकदम शंभर रुपये. ७ टक्के दराने त्याचा आजचा भाव ५० रुपये ८३ पैसे. याचा उतार काढला तर टक्क्यामागे ४ रुपये ७५ पैसे. पहिल्याचा ७.०२, याचा ४.७५. म्हणजे हा रोखा कमी जोखमीचा?

नाही. आपण रोख्यांची संख्या मोजून गुंतवणूक करत नाही, रुपये गुंतवतो. एक लाखात पहिले हजार रोखे येतील, दुसरे जवळजवळ १,९६७. दर टक्क्याने वाढल्यास उताराच्या हिशेबाने पहिल्या लाखातले सुमारे ७,०२० रुपये कमी होतील, दुसऱ्यातले सुमारे ९,३५०. रुपयांतला उतार पाहून जो सौम्य वाटला, तोच जास्त तिखट निघाला. म्हणून उताराला त्याच्याच भावाने भागायचं. या भागाकारालाच सुधारित ड्युरेशन म्हणतात:

```
D = -(1/P) * (dP/dy)
```

इथे P म्हणजे भाव, y म्हणजे परताव्याचा दर आणि dP/dy म्हणजे उतार. उणे चिन्ह केवळ उत्तर धन यावं म्हणून. पहिल्या रोख्याचं D ७.०२, दुसऱ्याचं ९.३५. ही सापेक्ष उताराची भाषा आहे: दर एक टक्का हलला, तर भाव स्वतःच्या किती टक्के हलेल. भाव ५० असो, ९६ असो की १०७, आता तुलना एका मापाने होते. ६.५४ टक्केवाल्या रोख्याचा सापेक्ष उतार सात होता. ०.२६ गुणिले सात, उत्तर १.८ टक्के. ४ मे रोजी झालं ते एवढंच.

आता प्रश्न असा, की उताराच्या मापाला ड्युरेशन, म्हणजे काळाचं नाव का? म्युच्युअल फंडांच्या मासिक पत्रकात ते वर्षांत का लिहितात? व्याजदर ‘वर्षाला’ इतके टक्के असा असतो. भावातला टक्केवारीचा बदल अशा दराने भागला की उरतात ती वर्षं. पण नातं याहून खोल आहे. एकच रक्कम दहा वर्षांनी मिळणार असेल, तर तिचा सापेक्ष उतार दहा भागिले १.०७, म्हणजे आपल्या दुसऱ्या रोख्याचे ९.३५. पाच वर्षांनी मिळणारी असेल तर त्याच्या निम्मा. रक्कम जितकी लांबची, तितका दराचा धक्का मोठा. व्याज देणारा रोखा म्हणजे अशा दहा रकमांची मोळी, आणि तिचा सापेक्ष उतार म्हणजे या दहांची सरासरी, प्रत्येकीला तिच्या आजच्या मोलाइतकं वजन देऊन काढलेली. आपल्या रोख्यात पहिल्या वर्षीच्या सात रुपयांचं आजचं मोल ६.५४ रुपये आहे, तर दहाव्या वर्षीच्या १०७ रुपयांचं ५४.३९. निम्म्याहून जास्त वजन शेवटच्या वर्षाकडे झुकलेलं. वर्षांची ही वजनदार सरासरी येते ७.५२. फ्रेडरिक मॅकॉले या अर्थशास्त्रज्ञाने १९३८ मध्ये हे माप मांडलं, म्हणून ते मॅकॉले ड्युरेशन. त्याला १.०७ ने भागलं की सापेक्ष उतार ७.०२. पैसे परत यायला सरासरी लागणारा काळ आणि दराची झळ, ही एकाच गोष्टीची दोन रूपं आहेत.

हे दोन आकडे फंडाच्या पत्रकात शेजारी शेजारी छापलेले असतात. सेबीने २०१७ मध्ये ठरवलेली वर्गवारी मॅकॉलेवर चालते: शॉर्ट ड्युरेशन फंडात ते एक ते तीन वर्षं, लाँग ड्युरेशन फंडात सात वर्षांहून जास्त. भावाचा अंदाज करायचा तर मात्र गुणाकार सुधारित ड्युरेशनने करायचा.

या गुणाकाराला मर्यादा आहेत. उतार म्हणजे सरळ रेषा आणि रोख्याचा आलेख वक्र. लहान बदलाला रेषा आणि वक्र जवळजवळ एकच असतात, मोठ्या बदलाला फारकत दिसते. दर ७ वरून ९ झाला तर रेषा सांगते ८५.९६, खरा भाव ८७.१६. दर ५ झाला तर रेषा सांगते ११४.०४, खरा भाव ११५.४४. साध्या रोख्यात ही चूक दोन्ही बाजूंना गुंतवणूकदाराच्या हिताची असते, कारण वक्र रेषेच्या वरच राहतो. दुसरी मर्यादा जास्त महत्त्वाची. ड्युरेशन फक्त दराचा धक्का मोजतं. कंपनीच्या रोख्यात पैसे बुडण्याचा धोका वेगळा, आणि तो या आकड्यात नाही. दोन वर्षं ड्युरेशनचा फंड आतल्या कंपन्या कमकुवत असतील तर सात वर्षांच्या सरकारी फंडापेक्षा धोक्याचा ठरू शकतो.

दर वाढल्यावर घाबरून विकायचं का, याचं उत्तरही याच आकड्यात आहे. दर वाढला की भाव लगेच उतरतो, पण येणारं व्याज वाढीव दराने पुन्हा गुंतवता येतं. आपल्या रोख्यात शंभर रुपये घातले आणि दर ७ टक्केच राहिला, तर साडेसात वर्षांनी व्याजासह १६६ रुपये होतात. घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी दर ८ टक्के होऊन तिथेच राहिला, तर आज ९३.२९, पण साडेसात वर्षांनी १६६ च. दर ६ टक्के झाला तरी १६६ च. फरक काही पैशांचा. तोटा भरून यायला लागणारा काळ मॅकॉले ड्युरेशनइतका असतो. पैसे त्याआधी लागणार असतील तर दराचा धोका आपल्या डोक्यावर आहे. तेवढं थांबता येत असेल तर तो बराचसा विरतो.

फक्त एक भेद लक्षात ठेवावा. स्वतः विकत घेतलेल्या रोख्याची मुदत दरवर्षी कमी होते, तसा त्याचा उतारही घटत जातो. गिल्ट फंड जुने रोखे विकून नवे घेतो, त्यामुळे त्याचं ड्युरेशन बहुधा आपोआप कमी होत नाही, आणि पाच वर्षांनी दर पुन्हा चढले तर झळ पहिल्याइतकीच बसू शकते. मुलीचं शिक्षण किंवा घराचा हप्ता अशा ठरलेल्या तारखेसाठी पैसे ठेवायचे असतील, तर त्या तारखेच्या जवळपास मुदत संपणारा रोखा किंवा तशाच ठरलेल्या मुदतीचा फंड घ्यावा. नेहमीचा गिल्ट फंड घेतलाच, तर तारीख जवळ येईल तसे पैसे कमी ड्युरेशनच्या फंडात हलवण्याचं काम आपल्याला स्वतःला करावं लागतं.