साठ माणसं वाढली, तरी खर्च तोच!

'पॉश ट्रेनिंगचा रेट कळवा.' कंपन्यांच्या एचआर विभागातून प्रशिक्षकांकडे जाणाऱ्या मेलमध्ये अनेकदा एवढंच वाक्य असतं. उत्तरं येतातही, पण कुणी एका तासाच्या ऑनलाइन व्याख्यानाचा दर देतो, तर कुणी पूर्ण दिवसाच्या कार्यशाळेचा. दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करावी, तर ते एकाच गोष्टीचे नसतातच. नीट माहिती दिली की मात्र या हिशेबातून फार गमतीच्या गोष्टी बाहेर पडतात.

समजा, चाकणचा एक कारखाना आहे. हजेरीपटावर १४० कर्मचारी. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३चा. त्याच्या कलम १९नुसार मालकाने कर्मचाऱ्यांसाठी ठरावीक काळाने जागृती कार्यशाळा घ्यायच्या असतात आणि अंतर्गत समितीच्या सदस्यांना वेगळं प्रशिक्षण द्यायचं असतं. म्हणजे विषय एक दिसला, तरी कार्यक्रम दोन झाले. कामगाराला कळायला हवं की छळ कशाला म्हणतात आणि तक्रार कुणाकडे, किती मुदतीत करायची. समितीला त्यापुढे जाऊन जबाब कसे नोंदवायचे, गोपनीयता कशी राखायची, ९० दिवसांत चौकशी कशी पुरी करायची, हे शिकावं लागतं. पहिल्याला दोन तास पुरतात, दुसऱ्याला निदान अर्धा दिवस लागतो.

आता माणसं मोजू. या कायद्याच्या व्याख्येत कंत्राटी कामगार आणि शिकाऊ उमेदवारही कर्मचारीच आहेत. आपल्या कारखान्यात ते ६० आहेत, पण कंपनीच्या हजेरीपटावर त्यांची नावं नाहीत. खरा आकडा २००.

प्रशिक्षक सहसा डोक्यामागे पैसे घेत नाही, दिवसाचे घेतो. त्याचा दिवस प्रवासासकट तुमच्याकडे जातो, समोर २५ जण बसोत की ४०. म्हणून महत्त्वाची असते ती तुकडी. या विषयात पाच-सहा जणांच्या गटाला एखादा प्रसंग देऊन चर्चा घडवावी लागते, आणि १०० जणांच्या हॉलमध्ये कुणी तोंड उघडत नाही. ४०ची तुकडी धरली, तर २०० जणांच्या पाच तुकड्या होतात. पाळ्या सांभाळून दिवसाला दोन तुकड्या घेतल्या, की अडीच दिवस. उरलेल्या अर्ध्या दिवसात समितीचं प्रशिक्षण. बरोबर तीन दिवस भरले!

कंत्राटी कामगार विसरले असते तर? १४० जणांच्या चार तुकड्या, म्हणजे दोन दिवस, आणि समितीसाठी अर्धा. प्रशिक्षकाला तिसऱ्या दिवशी यावं लागलंच असतं. अर्ध्या दिवसाचाही पूर्ण दर लावणारे अनेक आहेत. तसा प्रशिक्षक असेल, तर ६० माणसं वाढूनही मानधन तेवढंच राहतं. आणि तुकडी ४०ऐवजी ३०ची केलीत, तर तुकड्या सात होतात आणि समितीचा अर्धा दिवस धरून चार दिवस लागतात. एका आकड्यावर आख्खा दिवस हलतो, हे मला दर वेळी विलक्षण वाटतं.

ऑनलाइनमध्ये प्रवासखर्च वाचतो, म्हणून मोह होतो. टेबलावर संगणक असलेल्यांना ते चालतं. मशीनवर उभ्या असलेल्या कामगाराला समोरासमोरच हवं, तेही मराठी-हिंदीत.

हे सगळं दरपत्रकाच्या मागणीत चार ओळींत मावतं:

'आमच्या चाकण येथील कारखान्यात एकूण २०० कर्मचाऱ्यांसाठी (पैकी ६० कंत्राटी) पॉश जागृती कार्यशाळा घ्यायची आहे. ४० जणांच्या पाच तुकड्या, प्रत्येकी दोन तास, दिवसाला दोन, समोरासमोर, मराठी व हिंदीत. तिसऱ्या दिवशी दुपारी अंतर्गत समितीसाठी अर्ध्या दिवसाचे चौकशी प्रक्रियेचे प्रशिक्षण. हॉल व प्रोजेक्टर आमचा. मानधन, प्रवास व मुक्काम, साहित्य आणि जीएसटी वेगवेगळे दाखवावे. तुकडी वाढल्यास लागणारा दर व दरपत्रकाची मुदतही कळवावी.'

रकमा वेगळ्या मागण्याला कारण आहे. या सेवेवर १८ टक्के जीएसटी लागतो, पण लहान प्रशिक्षक नोंदणीकृत नसेल तर तो लावत नाही. नुसती एकूण रक्कम पाहिली, तर कोण खरंच स्वस्त आहे ते कळत नाही. आणि एवढं वाचूनही ज्याने पाळीच्या वेळा किंवा समितीत किती जण आहेत हे विचारलं नाही, त्याने बहुधा तयार स्लाइड्सचाच दर दिला आहे असं समजावं.

कायद्याखालच्या वार्षिक अहवालात वर्षभरात किती कार्यशाळा घेतल्या, तो आकडा द्यावा लागतो. तेव्हा प्रत्येक तुकडीचं सहीचं हजेरीपत्रक आणि प्रमाणपत्र मिळेल का, हेही याच मेलमध्ये विचारून घ्या.