गोंगाटात दडलेले दोन सूर

एखाद्या यंत्राच्या घरघरीत दोन नियमित कंपनं मिसळली आहेत आणि त्यांची वारंवारिता शोधायची आहे. यासाठी भूभौतिकशास्त्रज्ञ व्ही. एफ. पिसारेंको यांनी १९७३ मध्ये मांडलेली रीत एका छोट्या उदाहरणातून पाहू.

सेन्सर सेकंदाला १२०० नोंदी घेतो. नोंदींची मालिका काही घरं सरकवून तिच्याशीच गुणायची आणि गुणाकारांची सरासरी काढायची, हा स्वसहसंबंध. समजा, न सरकवता ४ आले आणि एक ते चार घरं सरकवल्यावर अनुक्रमे १, −२, −२, ०. गोंगाटाच्या वेगवेगळ्या क्षणांच्या नोंदींचा एकमेकींशी संबंध नसतो, म्हणून त्याची शक्ती फक्त पहिल्या आकड्यात मिसळते. पण त्या ४ मध्ये गोंगाट किती?

हे आकडे मॅट्रिक्समध्ये मांडू:

```
 ४  १ −२ −२  ०
 १  ४  १ −२ −२
−२  १  ४  १ −२
−२ −२  १  ४  १
 ० −२ −२  १  ४
```

मॅट्रिक्सने गुणल्यावर जो सदिश आपल्याच रेषेत राहून फक्त काही पट होतो, तो आयगेन सदिश. ती पट म्हणजे आयगेन मूल्य. इथे मूल्यं येतात ८.१६, ७.३७, १.८४, १.६३ आणि १. प्रत्येक सूर दोन दिशा व्यापतो, म्हणजे दोन सुरांच्या चार झाल्या. पाचव्या दिशेत उरतो निव्वळ गोंगाट, म्हणून सर्वांत लहान मूल्य, १, हीच त्याची शक्ती. तिचा सदिश आहे (१, −१, २, −१, १). पहिल्या ओळीशी पडताळा घ्या: ४ − १ − ४ + २ + ० = १.

हा सदिश दोन्ही सुरांना लंब असतो. शुद्ध सुरांच्या लागोपाठच्या पाच नोंदी या आकड्यांनी गुणून बेरीज केली, की शून्य येतं. एका नोंदीत सूर θ अंशांनी पुढे सरकत असेल आणि y = २cosθ धरलं, तर ही अट y² − y = ० इतकी सोपी होते. म्हणजे y १ किंवा ०, आणि θ ६० किंवा ९० अंश. सेकंदाला १२०० नोंदी, म्हणून वारंवारिता २०० आणि ३०० हर्ट्झ. सुरांची शक्ती २ आणि १ निघते; गोंगाटाचा १ मिळवला की ४ चा हिशेब जुळतो.

प्रत्यक्षात नोंदी मोजक्याच असतात, त्यामुळे सरासरी थोडी चुकते. वरच्या १ च्या जागी १.२ आले, तर उत्तरं २०० आणि ३०० ऐवजी सुमारे १७३ आणि २८२ हर्ट्झ येतात, आणि गोंगाट १ ऐवजी ०.६८ दिसतो. सगळी भिस्त एकाच सदिशावर असल्याचा हा परिणाम.

ही चूक ओळखण्यासाठी मॅट्रिक्स सात बाय सातचं करावं. दोनच सूर असतील आणि गोंगाट सर्व वारंवारितांवर सारखा असेल, तर सर्वांत लहान तीन मूल्यं जवळपास समान यायला हवीत. ती विखुरलेली दिसली, तर नोंदी वाढवाव्यात किंवा सुरांची संख्या पुन्हा तपासावी; तोवर आलेल्या हर्ट्झवर विसंबू नये.